समुद्राच्या तळाशी टिकलेली शॅम्पेन

२०१० साली फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ बाल्टिक समुद्रात एक बुडालेलं जहाज सापडलं. सुमारे ५० मीटर खोल पाण्यात त्यातल्या शॅम्पेनच्या १६८ बाटल्या जवळपास १७० वर्षं पडून होत्या. काही चाखून पाहिल्या, तेव्हा आधी उग्र, ओल्या केसांसारखा वास आला. पेल्यात हवा लागल्यावर मात्र फुलांचा, धुराचा, चामड्याचा गंध पुढे आला. इतकी वर्षं ही शॅम्पेन टिकली, कारण तिथे पाणी दोन ते चार अंशांचं होतं आणि अंधार कायमचा.

वाईन मुरते म्हणजे बाटलीत रासायनिक क्रिया सावकाश चालू राहतात. उष्णता वाढली की त्यांचा वेग वाढतो, पण सगळ्यांचा सारखा नाही; म्हणून उन्हाळ्यात कपाटावर ठेवलेली वाईन लवकर मुरत नाही, ती शिजते. तळघरासाठी १२ ते १३ अंश हे तापमान मानलं जातं. दहा किंवा पंधरा असलं तरी बिघडत नाही, ते स्थिर मात्र हवं. तापलेली वाईन फुगून बुचाला बाहेर ढकलते, गार झाली की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. बूच वर आलेलं, गळ्यापाशी चिकट ओघळ, वाईनची पातळी खाली गेलेली, ही त्याची लक्षणं. अशी बाटली विकत घेऊ नये, मग लेबल कितीही भारी असो.

हवेतल्या ओलाव्याचा बाऊ जरा जास्तच होतो. ६० ते ७० टक्के आर्द्रता पुरेशी. कोरड्या हवेत बूच वर्षानुवर्षांनी सुकतं, म्हणून बाटली आडवी ठेवायची. फार दमटपणात फक्त लेबलांना बुरशी येते. घरचा फ्रिज काही आठवड्यांसाठी ठीक, वर्षांसाठी नाही, कारण तो हवा कोरडी करतो.

उजेडाचं नुकसान त्यापेक्षा झटपट होतं. निळ्या आणि अतिनील किरणांनी वाईनमध्ये गंधकाची संयुगं तयार होतात आणि शिजलेल्या कोबीसारखा वास येतो. पारदर्शक काचेत हे सर्वात लवकर घडतं. म्हणूनच ‘क्रिस्टाल’ ही शॅम्पेन पिवळसर सेलोफेनमध्ये गुंडाळून विकतात.

एवढी निगा घेण्याजोग्या बाटल्या मात्र थोड्याच. बाजारातली बहुतेक वाईन दोनतीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. नाशिकची रोजची शनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ दहा वर्षं जपून फळांचा ताजेपणाच जाईल. तुरटपणा, आम्लता किंवा साखर भरपूर असलेली वाईनच टिकते: चांगल्या वर्षाची बोर्दो, बारोलो, जर्मन रीसलिंग, सोतेर्न, व्हिंटेज पोर्ट. त्या बुडालेल्या शॅम्पेनमध्येही आजच्यापेक्षा कितीतरी पट साखर होती. अशा वाईनच्या सहा बाटल्या एकदम घ्याव्यात आणि दर दोनतीन वर्षांनी एक उघडावी. तुरटपणा मऊ झाला, तरी फळ जिवंत असेल तर थांबायचं. फळ फिकं पडू लागलं की उरलेल्या पिऊन टाकायच्या.