निळ्या ताटलीचा समुद्रप्रवास

जयपूरच्या 'ब्लू पॉटरी'त नेहमीची चिकणमाती नसते. क्वार्ट्झची पूड आणि काचेचा चुरा हा तिचा मुख्य ऐवज. त्यामुळे ताटली दिसते देखणी, पण कड चटकन उडते. अशा बारा ताटल्या परदेशी पाठवायच्या आहेत, असं समजा.

पहिली चूक म्हणजे त्या आडव्या रचणं. वरच्यांचं वजन आणि प्रत्येक धक्का खालचीवर येतो. म्हणून प्रत्येक ताटली आधी मऊ कागदात, मग बबल रॅपमध्ये गुंडाळून पुस्तकांसारखी उभी ठेवावी. मध्ये पुठ्ठ्याचे खण, सगळ्या बाजूंनी सुमारे पाच सेंटीमीटर गादी. पेंढा स्वस्त, पण किडीच्या भीतीने काही देश तो बंदरातच अडवतात. खोकं बंद करून हलवा. आतून खुळखुळ आली, तर पुन्हा उघडा. कंटाळा करू नका.

ओलावा मात्र गुपचूप येतो. रात्री कंटेनरचं छत गार पडतं, आतली वाफ तिथे थिजून खोक्यांवर ठिबकते. पुठ्ठा मऊ पडला की थप्पीतलं खालचं खोकं चेपतं. त्यासाठी आतला माल सीलबंद प्लॅस्टिक पिशवीत, सोबत सिलिका जेल. पिशवी उघडी असेल तर जेल बाहेरचीच दमट हवा शोषत बसतं. कागद आणि पुठ्ठा मुळातच कोरडे हवेत.

खोक्यावर पेला, छत्री आणि वर जाणारे दोन बाण छापावेत, तेही चारही उभ्या बाजूंवर. हमाल कुठल्या बाजूने येईल कोण जाणे! खोक्याचा क्रमांक पॅकिंग लिस्टशी जुळलाच पाहिजे.