ग्राहक बोलला तसाच पडद्यावर दिसावा म्हणून

“मी अत्यंत समाधानी आहे. उत्तम दर्जा, तत्पर सेवा, वाजवी दर. मी सर्वांना आवर्जून सुचवेन.” असं बोलणाऱ्या ग्राहकाचा व्हिडिओ आपण दोन सेकंदांत पुढे ढकलतो. तो ग्राहक खरा असतो, त्याचं समाधानही खरं असतं. पण शब्द त्याचे नसतात. दुकानदाराने लिहून दिलेले असतात.

याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नात असतं. “आमची वस्तू कशी वाटली?” असं विचारलं की माणूस “छान आहे” म्हणतो आणि थांबतो. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. वस्तू नव्हती तेव्हा काय करत होता? घ्यायच्या आधी मनात काय शंका होती? शेवटचं कधी वापरलंत, कशासाठी? आणि एक प्रश्न चुकवू नये : काय आवडलं नाही?

समजा, घरगुती पीठगिरणी विकणाऱ्याने एका गृहिणीला फोनवर हे प्रश्न विचारले. परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड केलं आणि शब्दन् शब्द उतरवून काढलं. तो मजकूर साधारण असा असेल :

“हो, चांगली आहे घरघंटी. आवाज होतो थोडा, म्हणजे बाळ झोपलं की नाही लावत आम्ही. आधी कसं, आमच्या इथली गिरणी साडेसहाला बंद व्हायची आणि मी ऑफिसातून यायचे सातला. मग सगळं दळण शनिवारवर. रांग असायची. सासूबाईंना नको होती हं घरघंटी. म्हणाल्या, एवढे पैसे कशाला, कोपऱ्यावर गिरणी आहे की. आता त्याच विचारतात, उद्या भाजणी लावू का? तुमची सर्व्हिस वगैरे पण चांगली आहे.”

आता कात्री चालवायची. अर्ध्या मिनिटात सावकाश बोलून साधारण ६० शब्द बसतात. इथे पहिलं आणि शेवटचं वाक्य आधी जातं, कारण ते कोणत्याही वस्तूबद्दल कोणीही म्हणेल. उरलेल्यात गोष्ट आहेच, फक्त क्रम लावायचा :

“आमच्या इथली गिरणी साडेसहाला बंद व्हायची आणि मी ऑफिसातून यायचे सातला. मग सगळं दळण शनिवारवर. रांग असायची. सासूबाईंना नको होती हं घरघंटी. म्हणाल्या, एवढे पैसे कशाला, कोपऱ्यावर गिरणी आहे की. आता त्याच विचारतात, उद्या भाजणी लावू का? आवाज होतो थोडा, म्हणजे बाळ झोपलं की नाही लावत आम्ही.”

यात एकही शब्द बाहेरून आलेला नाही. गाळणं आणि अर्थ न बदलता मागेपुढे करणं एवढीच मुभा आपल्याला आहे. आवाजाचं वाक्य काढायचा मोह होईल, पण ते ठेवावं. उणीव सांगणाऱ्या बाईंचं सासूबाईंबद्दलचं बोलणंही मग पटतं. शिवाय घरात तान्हं मूल असलेल्या गिऱ्हाइकाला आधीच कळतं आणि नंतरची तक्रार टळते. तो “हं” सुद्धा राहू द्यावा. “सासूबाईंचा सुरुवातीला विरोध होता” असं शुद्ध केलं, तर बाई बोलायच्या थांबतात आणि जाहिरात बोलू लागते.

चित्रीकरणात नेमकी इथेच गडबड होते. हा कागद बाईंच्या हातात दिला तर त्या पाठ करतील, आठवताना डोळे वर जातील आणि आवाज शाळेतल्या भाषणासारखा होईल. कागद विचारणाऱ्याकडेच राहावा. त्याने कॅमेऱ्याच्या बाजूला बसून तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. प्रश्न नंतर कापला जाणार असल्याने एवढीच विनंती करावी : “उत्तर पूर्ण वाक्यात द्या.” नाहीतर “शनिवारी” एवढंच हाती येतं. शब्द थोडे बदलले तर बदलू द्यावेत. मुद्दे आले की काम झालं.

कापताना एक धोका सांभाळायचा. “पहिल्या महिन्यात दोनदा माणूस बोलवावा लागला, पण आता नीट चालते” यातला पहिला अर्धा भाग गाळला तर उरलेलं वाक्य खरं असूनही फसवं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतली शिफारस त्या व्यक्तीचं खरं, आजही लागू असलेलं मत असावं लागतं आणि ते पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असावं लागतं. ऐकणाऱ्याला अपेक्षित नसेल असा विक्रेत्याशी संबंध असेल, तर तोही उघड सांगावा लागतो. म्हणजे बाई विक्रेत्याची मामेबहीण असेल किंवा बोलण्याच्या बदल्यात सवलत मिळाली असेल, तर ते व्हिडिओत स्पष्ट लिहावं.

तयार व्हिडिओ आधी त्या बाईंना दाखवावा आणि कुठे कुठे वापरणार तेही सांगून लेखी संमती घ्यावी. त्या म्हणाल्या, “मी असं नव्हते म्हणाले,” तर वाद न घालता ते वाक्य काढून टाकावं.