परिच्छेदांच्या पट्ट्या

दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे मुलं एसओपी वाचायला आणून देतात. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. परदेशातल्या विद्यापीठात पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, तर 'हाच विषय का आणि इथेच का' याचं उत्तर त्यात एक-दोन पानांत द्यायचं असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, त्यामुळे सगळी धावपळ याच दिवसांतली. मुलं हुशार असतात आणि इंग्रजीही ठीक असतं. तरी वाचून झाल्यावर हाती उरते ती यादी. अमुक प्रकल्प, तमुक बक्षीस, मग नोकरी, मग समाजसेवा. ही माहिती सीव्हीतही असते. वाचणाऱ्या प्राध्यापकांना निवेदनातून वेगळं काही हवं असतं. एका कामातून दुसरं काम कसं निघालं, हे त्यांना कळायला हवं.

सांगलीच्या एका मुलीचं निवेदन मला अजून आठवतं. ती सिव्हिल इंजिनिअर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिच्या पहिल्या खर्ड्यात पाच परिच्छेद होते. पुराची आठवण, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, सर्वेक्षणाच्या कार्यालयातली सहा महिन्यांची नोकरी, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आणि शेवटी विद्यापीठाची स्तुती, असा त्यांचा क्रम होता.

मी कात्रीनं पाचही परिच्छेदांच्या पट्ट्या केल्या आणि मधल्या तिन्हींची अदलाबदल करून तिला वाचायला दिल्या. वाचताना ती कुठेच अडली नाही. दोष पकडायची माझी हीच रीत आहे. परिच्छेद हलवल्यावर काहीच बिघडत नसेल, तर ते एकमेकांना धरून नाहीत. नोकरीचा परिच्छेद 'याशिवाय'नं सुरू होत होता आणि शिबिराचा 'तसेच'नं. असे शब्द फक्त आणखी एक वस्तू आली एवढंच सांगतात. 'त्यानंतर' हा शब्दही फार तर घड्याळ दाखवतो. मराठीत विचार करणाऱ्यांना तर काळाची साखळी फार सहज जमते. जाऊन, करून, शिकून, येऊन असं 'ऊन' लावत गेलं की चार वर्षं एका वाक्यात बसतात. पण त्या 'ऊन'मध्ये 'का' सापडत नाही. 'म्हणून', 'पण', 'तरीही' यांपैकी एखादा शब्द दोन परिच्छेदांमध्ये खरेपणानं ठेवता येतो का, ते पाहावं लागतं.

इथे एक चूक हमखास होते. 'याशिवाय' खोडून तिथे 'म्हणून' लिहिलं की झालं, असं मुलांना वाटतं. तिनंही तसंच करून आणलं. 'प्रकल्पाला विभागात पहिला क्रमांक मिळाला. म्हणून मी सर्वेक्षणाच्या कार्यालयात रुजू झाले.' क्रमांक मिळाल्यामुळे कुणी नोकरीला लागत नाही. सांधा शब्दात नव्हता. तो मजकुरातच शोधावा लागणार होता, म्हणून मी तिला प्रश्न विचारत बसले.

"शिबिरात नेमकं काय केलंस?"

"पूर ओसरल्यावर घरांतला गाळ काढला, मॅडम. आणि भिंतीवर पाण्याची खूण दिसेल तिथे टेपनं उंची मोजून वहीत लिहिली."

निवेदनात यातलं काही नव्हतं. तिथे फक्त 'नेतृत्वगुण विकसित झाले' असं होतं. ती वही पुढे प्रकल्पात वापरली का, असं विचारलं, तेव्हा सगळी गोष्ट बाहेर आली. प्रकल्पात तिनं हेक-रास या मोफत सॉफ्टवेअरवर पुराचं मॉडेल केलं होतं. जमिनीची उंची उपग्रहाच्या नकाशावरून घेतली होती. त्या नकाशात तीस मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तुकड्याला उंचीचा एकच आकडा मिळतो. मॉडेल तयार झाल्यावर तिनं वहीतल्या खुणा त्याच्याशी ताडून पाहिल्या. मॉडेलनं कोरडी दाखवलेली एक गल्ली प्रत्यक्षात कमरेइतक्या पाण्यात होती. तीन-चार मीटर रुंदीचा नाला तीस मीटरच्या तुकड्यात दिसेनासा होतो आणि पाणी त्याच नाल्यातून उलटं वर आलं होतं, हे तिला पुढे नोकरीत नाल्यांच्या तळाची उंची मोजताना समजलं.

आता क्रम आपोआप ठरला. शिबिर शेपटाकडून उचलून पुराच्या आठवणीला जोडलं, कारण वहीशिवाय मॉडेलची चूक कळलीच नसती. प्रकल्पाचा परिच्छेद पूर्वी पहिल्या क्रमांकावर संपत होता, तो आता कोरड्या दाखवलेल्या गल्लीवर संपवला. पुढच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला तिनं लिहिलं, 'ही तफावत कशानं आली ते शोधण्यासाठी मी सर्वेक्षणाची नोकरी धरली.'

वाक्य घट्ट होतं, पण खोटं होतं. ती नोकरी तिनं धरली, कारण कॅम्पसमधून दुसरी मिळाली नव्हती. पुष्कळ मुलं इथे घसरतात. आयुष्य आधीपासून आखलेलं होतं असं दाखवू जातात आणि मुलाखतीत साध्या प्रश्नाला अडखळतात. हेतू नंतर चिकटवायची गरजच नसते. घटना योगायोगानं घडल्या असतील, तरी त्यांतून सुचलेला विचार सलग असू शकतो. आम्ही वाक्य बदललं. 'या तफावतीचं कारण मला वर्षभरानं सापडलं, तेही दुसऱ्याच कामासाठी नाल्यांची उंची मोजताना.' यात खोटं काही नाही आणि सांधा पहिल्यापेक्षा पक्का आहे.

त्या वाक्यातला 'तफावत' हा शब्द पाहा. मागच्या परिच्छेदात जे घडलं, ते त्या एका नामात गोळा झालं आहे. नुसतं 'यामुळे' लिहिलं असतं, तर कशामुळे ते वाचकाला मागे जाऊन शोधावं लागलं असतं. जॉर्ज गोपन आणि ज्युडिथ स्वान यांनी १९९० मध्ये 'अमेरिकन सायंटिस्ट' या नियतकालिकात शास्त्रीय लेखनावर एक लेख लिहिला होता. वाक्याच्या सुरुवातीला वाचक ओळखीची गोष्ट शोधतो आणि शेवटी नव्या, वजनदार गोष्टीची वाट पाहतो, असं त्यांनी त्यात उदाहरणांनिशी दाखवलं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि वजन बहुधा त्याच्या आधीच्या शब्दावर पडतं. त्यामुळे आपली मुलं इंग्रजी लिहितात तेव्हा महत्त्वाची गोष्ट मध्येच सांगून टाकतात आणि वाक्याच्या शेवटी साल किंवा संस्थेचं नाव उरतं. पुढचं वाक्य जोडायला मग हाताशी काही राहत नाही.

पहिला क्रमांक आम्ही निवेदनातून काढला. तिचे वडील नाराज झाले. "एवढं मोठं यश आणि तेच गाळायचं?" असं त्यांनी फोनवर विचारलं. मी त्यांना सांगितलं की सीव्हीत तो सगळ्यांत वरच आहे. निवेदनात मात्र तो आला की प्रकल्पाचा परिच्छेद तिथेच संपतो आणि गल्लीत शिरलेल्या पाण्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

नवा खर्डा झाल्यावर तिनं पुन्हा पट्ट्या केल्या आणि अकरावीतल्या भावाला लावायला दिल्या. त्याला यातलं तांत्रिक काही ठाऊक नव्हतं. पहिल्या चार पट्ट्या त्यानं बरोबर लावल्या. विद्यापीठाची पट्टी हातात धरून मात्र तो म्हणाला, "ताई, ही कुठेही चालेल की." तिची सुरुवात विभागाच्या कीर्तीनं होत होती. तिनं ती खोडली आणि लिहिलं, 'उपग्रहाच्या नकाशात हरवणारे नाले, सगळं शहर पायी न मोजता मॉडेलमध्ये कसे आणायचे, हे मला अजून येत नाही.' त्याखाली त्या विभागातल्या, नेमक्या याच प्रश्नावर काम करणाऱ्या दोन प्राध्यापकांची नावं टाकली.