अमेरिकेत ५ जूनची ६ मे होते

समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला पंपांच्या कास्टिंगचं कोटेशन पाठवलं. किंमत `Rs. 1,25,00,000/-`, मुदत `05/06/2025` पर्यंत. आपल्याला यात खटकण्यासारखं काहीच नाही. सव्वा कोटी, पाच जून.

तिकडच्या खरेदी अधिकाऱ्याला मात्र स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनंतर बघायची सवय. मधे दोन-दोन आकडे दिसले की टाइप करताना एखादा गळला असावा, अशी शंका त्याला येते. `Rs.` तर नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंकेतही चालतात. `1.25 Cr` लिहिलं तर हिशेबनीस `Cr` म्हणजे ‘जमा’ समजेल. म्हणून `INR 12,500,000` लिहावं आणि शेजारी `12.5 million`. हिशेब सोपा आहे: रक्कम लाखांत मांडा आणि दहाने भागा. सव्वा कोटी म्हणजे १२५ लाख, म्हणजे साडेबारा मिलियन. शंभर कोटींचा एक बिलियन होतो. गिऱ्हाईक जर्मन असेल तर आणखी एक सांभाळा: तिथे टिंब हजार दाखवतं आणि स्वल्पविराम दशांश. त्यामुळे `12.500` तिथे साडेबारा हजार वाचलं जातं.

रक्कम विचित्र दिसली तर माणूस निदान विचारतो तरी. तारीख विचित्र दिसतच नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून `05/06/2025` म्हणजे ६ मे. मेच्या मध्यावर कोटेशन उघडणाऱ्याला ते संपलेलं वाटतं. तो दुसरीकडे ऑर्डर देतो आणि आपल्याला कळवतही नाही. `25/06/2025` असती तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो थबकला असता. वर्षातल्या १३२ तारखा अशा दोन्हीकडून वाचता येतात.

एक्सेलमध्ये हा घोळ ओळखायची खूण आहे. अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर `25/06/2025` टाइप केलं, तर ती तारीख न होता नुसता मजकूर राहते आणि रकान्यात डावीकडे चिकटते. `05/06/2025` मात्र निमूटपणे ६ मे होऊन उजवीकडे बसते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्याच आधी तपासाव्यात.

उपाय एवढाच, की महिना अक्षरांत लिहावा: `5 June 2025`. एक्सेलमध्ये त्यासाठी `dd-mmm-yyyy` हा फॉरमॅट द्यावा. फाइलच्या नावात किंवा लांबलचक यादीत `2025-06-05` बरं. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा क्रम आहे आणि त्याने फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. पण आधीच चुकून ६ मे झालेली तारीख फॉरमॅट बदलून सुधारत नाही. ती मूळ कागदावरूनच दुरुस्त करावी लागते.