एस्प्रेसो मशीनवर '15 बार' लिहिलंय, मग कॉफी कडवट का लागते?

बॉक्सवरचे 15 बार म्हणजे पंपाची कमाल ताकद. एस्प्रेसोसाठी साधारण 9 बार पुरतात. दाब खूप जास्त असला की पाणी कॉफीच्या थरातून समान जात नाही, कमजोर जागा शोधून तिथून घुसतं. त्या जागेतून नको तेवढा अर्क निघतो आणि बाकीची पूड तशीच राहते. म्हणून कप कडवट आणि तुरट लागतो.

ओपीव्ही काय करतो?

ओव्हरप्रेशर व्हॉल्व्हमध्ये एक स्प्रिंग असते. दाब ठरावीक मर्यादेवर गेला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचं पाणी नळीतून टाकीत परत जातं. स्प्रिंग सैल केली की ही मर्यादा खाली येते.

उदाहरण: जुनी गॅजिया क्लासिक

या मशीनमध्ये व्हॉल्व्ह स्क्रूने ॲडजस्ट होतो. 2019 च्या क्लासिक प्रोमध्ये मात्र स्प्रिंगच बदलावी लागते.

आधी पोर्टाफिल्टरला लागणारं प्रेशर गेज घ्या. ते लावून पंप फक्त काही सेकंद चालवा. समजा, काटा 13 वर थांबला.

आता प्लग काढा आणि मशीन पूर्ण थंड होऊ द्या. वरचं झाकण उघडा. टाकीकडे जाणारी नळी व्हॉल्व्हच्या ज्या नटाला जोडलेली आहे, तो नट पान्याने काढा. आतला स्क्रू ॲलन कीने घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. नट आणि झाकण परत लावा, मगच प्लग जोडून मोजा. काटा 12 च्या आसपास आला, तर पुन्हा तेच करा. प्रत्येक वेळी पाव फेराच, आणि प्लग काढूनच.

थांबायचं कुठे? गेज लावलेलं असताना कपात पाणी जात नाही, त्यामुळे आकडा थोडा जास्त दिसतो. गेजवर 10 दिसले, तर कॉफी काढताना दाब साधारण 9 असतो. तिथेच थांबा.

कॉफी काढून बघा

18 ग्रॅम पूड, कपात 36 ग्रॅम कॉफी, वेळ 25 ते 30 सेकंद. दाब बदलल्यावर वेळही बदलू शकते, तेव्हा फक्त ग्राइंड बदला. कपात धार अगदी बारीक पडतेय आणि टाकीत सुरुवातीपासूनच भरपूर पाणी परत येतंय? आधी गेज पुन्हा लावून बघा. आकडा 10 पेक्षा बराच कमी असेल, तर स्क्रू जास्त सैल झालाय, थोडा परत आवळा. आकडा बरोबर असेल, तर ग्राइंड जास्त बारीक आहे.

कधी फरक पडणार नाही?

बास्केटच्या तळाला एकच बारीक छिद्र असेल, तर ती प्रेशराइज्ड बास्केट आहे. तिथे दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, त्यामुळे आधी साधी बास्केट घ्या. बिया फार डार्क भाजलेल्या असतील, तर तो कडवटपणा कुठल्याही स्क्रूने जात नाही.

मशीन वॉरंटीत असेल, तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.