रांगेतल्या पहिल्या पाचशेंसाठी

सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेत मिंट हे घरखर्चाचा हिशेब ठेवणारं संकेतस्थळ सुरू झालं. ते उघडण्याच्या आधीच हजारो लोक त्यासाठी नाव नोंदवून बसले होते. जाहिरातीवर उधळायला पैसे नव्हते, म्हणून मिंटच्या मंडळींनी पैशांच्या नियोजनावर लेख लिहायला सुरुवात केली आणि वाचकांकडून ईमेल पत्ते जमवले. मग त्यांना सुचवलं, की ‘आय वॉन्ट मिंट’ असं लिहिलेलं छोटं चित्र स्वतःच्या ब्लॉगवर लावा, तुम्हाला इतरांच्या आधी प्रवेश देऊ. शेकडो लोकांनी ते चित्र लावलं. बक्षीस म्हणून मिळत होता फक्त रांगेतला पुढचा नंबर.

ॲप बाजारात येण्याआधी नावं गोळा करण्याची ही पद्धत आता सर्रास दिसते. आपल्याकडे ती बहुतेकदा इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टमधून होते. वर चित्र आणि खाली आठ-दहा ओळींची कॅप्शन. वाचणाऱ्याने ॲप पाहिलेलं नसतं, वापरलेल्या ओळखीच्या माणसाचं मतही उपलब्ध नसतं. त्यामुळे सगळा भार त्या आठ-दहा ओळींवर पडतो. त्यांत दोनच प्रश्नांची उत्तरं हवी असतात: याने माझं काय सोपं होणार, आणि आत्ताच नाव दिलं तर मला काय मिळणार?

पहिल्या प्रश्नावरच बऱ्याच कॅप्शन घसरतात. ‘तुमच्या आर्थिक प्रवासाचा स्मार्ट साथी लवकरच येत आहे’ हे वाक्य विमा कंपनीलाही चालेल आणि पतपेढीलाही. इन्स्टाग्राम कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दाखवतं, बाकीचा मजकूर वाचायला बोट टेकवावं लागतं. ते टेकवावंसं वाटेल असं काहीतरी त्या ओळींत असायला हवं. ‘लवकरच येत आहे’ या शब्दांसाठी कोणी थांबत नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका छोट्या चमूने रोजच्या खर्चाची मर्यादा सांगणारं ॲप बनवलं आहे. महिन्याला ३८,००० रुपये हातात येणारी एक नोकरदार मुलगी ते वापरते. घरभाडं ११,०००, दुचाकी आणि लॅपटॉपचे हप्ते मिळून ६,५००, आरडी ४,०००, वीज-मोबाइल-गॅस मिळून २,५००. हे सगळं बाजूला काढलं की उरतात १४,०००. तीस दिवसांत वाटले तर रोजचे साधारण ४६७ रुपये. शनिवारी मैत्रिणींबरोबर जेवायला जाऊन ९०० खर्च झाले, की रविवारी सकाळी ॲप उरलेली रक्कम उरलेल्या दिवसांत पुन्हा वाटतं आणि नवा, थोडा कमी आकडा दाखवतं. बस्स, एवढंच त्याचं काम.

हे ॲप तक्ते काढत असेल, खर्चाचे प्रकार रंगांत दाखवत असेल, पण नाव नोंदवणाऱ्याला हवा असतो तो सकाळचा एक आकडा. वीस तारखेला खातं रिकामं का झालं, हे तीस तारखेला कळून काय उपयोग! म्हणून कॅप्शनची सुरुवात त्या आकड्यापासून करावी:

‘आज किती खर्च चालेल? रोज सकाळी एकच आकडा. भाडं, हप्ते, आरडी आणि बिलं आधीच बाजूला काढून उरलेल्या पैशांतला आजचा वाटा हे ॲप सांगतं. काल जास्त खर्च झाला, तर आजचा आकडा आपोआप कमी होतो.’

यात ‘बचत दुप्पट करा’ असं कुठेही नाही, ते मुद्दाम. हिशेब दाखवणं ॲपच्या हातात आहे. हात आखडता घेणं वापरणाऱ्याच्या. बाजारातच न आलेल्या ॲपने किती पैसे वाचतील हे सांगायला आधार कुठून आणायचा?

आता दुसरा प्रश्न. ‘लवकर नोंदणी करणाऱ्यांना खास फायदे’ या ओळीवर कोणाचाही विश्वास बसत नाही, कारण ती काहीच कबूल करत नाही. किती जणांना, काय, कधीपासून, किती काळ आणि त्यानंतर काय, ही पाचही उत्तरं लिहावीत:

‘पहिल्या ५०० जणांना ॲप १५ जूनला मिळेल, बाकीच्यांना १ जुलैला. या ५०० जणांना पहिलं वर्ष मोफत. पुढे वर्षाला ४९९ रुपये, तेही तुम्ही हो म्हणालात तरच. आपोआप पैसे कापले जाणार नाहीत. आत्ता फक्त ईमेल द्या. बँकेचा कुठलाही तपशील आम्ही मागत नाही.’

शेवटची दोन वाक्यं कापण्याचा मोह होतो. ती कापू नयेत. ओटीपी कोणालाही सांगू नका हे आपण सगळे रोज ऐकतो. पैशांच्या ॲपचं नाव घेताच मनात पहिली शंका तीच येते. पुढे ॲप बँकेचे एसएमएस वाचून खर्च टिपणार असेल, तर तेही याच ओळींत सांगून टाकावं. परवानगीची खिडकी अचानक समोर आली, की माणूस ॲप काढून टाकतो.

५०० हा आकडाही खरा हवा. तो चमूच्या ताकदीवरून ठरतो: पहिल्या पंधरवड्यात येणाऱ्या तक्रारी तीन-चार माणसांना स्वतः वाचून निस्तरता आल्या पाहिजेत. पाचशे जागा भरल्यावरही ‘शेवटच्या काही जागा’ असं लिहीत राहिलं, तर तो आता नुसता आगाऊपणा राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. खोटी घाई निर्माण करणं ही त्यांतली एक. वर्गणीच्या जाळ्यात अडकवणं ही दुसरी. ‘आपोआप पैसे कापले जाणार नाहीत’ हे वाक्य म्हणूनच लिहिण्यापुरतं नाही, ॲपमध्येही तसंच असायला हवं.

बक्षीस मोठं ठेवलं की नावं भराभर येतात, हेही खरं. पण नाव देणाऱ्यांना फोन जिंकण्याची संधी ठेवली, तर रांगेत फोन हवा असलेली माणसं उभी राहतात आणि खर्चाचा हिशेब हवा असलेली त्यांच्यात हरवतात. हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. ईमेल घेताना एकच प्रश्न विचारावा: ‘महिन्यात पैसे नेमके कुठे निसटतात?’ उत्तरांत ‘बाहेरचं खाणं’, ‘रिक्षा’, ‘मुलीचे क्लास’ असे शब्द आले तर रांग योग्य माणसांची आहे. रकाना रिकामाच राहत असेल तर कॅप्शन भलत्याच लोकांना बोलावते आहे.

एक शब्द मात्र कॅप्शनमध्ये न वापरलेलाच बरा: ‘आयुष्यभर मोफत’. मिंट वापरायला मोफतच होतं. कंपनी बँकांच्या आणि कार्डांच्या योजना सुचवून त्यांवर कमाई करायची. २००९ मध्ये इंट्युट या कंपनीने ते सुमारे १७ कोटी डॉलरना विकत घेतलं. मार्च २०२४ मध्ये मिंट बंद झालं. वापरणाऱ्यांना इंट्युटच्याच क्रेडिट कर्मा या सेवेकडे पाठवण्यात आलं, पण महिन्याचं बजेट मांडायची मिंटमधली सोय तिथे जशीच्या तशी नव्हती. वर्षानुवर्षांच्या नोंदी असलेले लोक त्या उतरवून घेऊन दुसरी ॲपं शोधू लागले. नव्या ॲपच्या कॅप्शनमध्ये जागा उरलीच, तर तिथे हे लिहिता येईल: ‘तुमच्या सगळ्या नोंदी एक्सेल फाइलमध्ये कधीही उतरवून घेता येतील.’