प्रश्नपेढी जाडीवर नको, स्पष्टीकरणावर पारखा

नीटची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हमखास येतो : प्रश्नपेढी कोणती घ्यावी? दुकानदार जाड पुस्तक पुढे करतो आणि सांगतो, 'यात इतके हजार प्रश्न आहेत.' ॲपवालेही आकडाच सांगतात. पण परीक्षेत तर 180 प्रश्नच असतात. त्यामुळे पेढीत किती प्रश्न आहेत यापेक्षा ते परीक्षेसारखे आहेत का, आणि चुकलेल्या प्रश्नातून मूल काही शिकते का, हे पाहायला हवे. ही पारख घरी करता येते. त्यासाठी अम्मी-अब्बांना विज्ञान यायलाच हवे असे नाही. घड्याळ, वही, एनसीईआरटीची पुस्तके आणि गेल्या काही वर्षांच्या मूळ प्रश्नपत्रिका एवढे पुरते.

आधी मोजपट्टी हातात घ्यावी. आपली मोजपट्टी म्हणजे खरी प्रश्नपत्रिका आणि तिची अंतिम उत्तरसूची. परीक्षा घेणारी एनटीए ही संस्था आधी तात्पुरती उत्तरसूची देते, विद्यार्थ्यांच्या हरकती मागवते आणि मग अंतिम सूची लावते. काही प्रश्नपेढ्या घाईत तात्पुरत्या सूचीवरच छापल्या जातात. म्हणून पेढीत जे प्रश्न 'मागील वर्षांचे' म्हणून दिले आहेत, त्यांतले दहा-बारा उत्तरे आधी अंतिम सूचीशी ताडून पाहावेत. उत्तर तयार उपलब्ध असूनही ज्या पेढीत ते चुकले आहे, तिने स्वतः रचलेल्या प्रश्नांवर विश्वास कसा ठेवावा?

2024 च्या नीटमधला भौतिकशास्त्राचा एक प्रश्न या कामासाठी फार उपयोगी आहे. त्यात दोन विधाने होती. पहिले : अणूत धन आणि ऋण प्रभार समान असतात, म्हणून अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे : प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीतील वाक्य धरले तर दोन्ही विधाने बरोबर ठरत होती, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरे चूक ठरत होते. एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी पहिले विधान बरोबर आणि दुसरे चूक हा एकच पर्याय योग्य ठरवला, आणि जुलै 2024 मध्ये निकाल नव्याने लावावा लागला. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण त्यामुळे कमी झाले. पूर्ण 720 गुण मिळवणारे 61 होते, ते 17 उरले.

आता हा प्रश्न आपल्या पेढीत शोधावा. 'दोन्ही बरोबर' असे उत्तर असेल, तर पेढी निकालानंतर तपासलेलीच नाही. उत्तर बरोबर असून खाली नुसते 'दुसरे विधान चूक आहे' एवढेच लिहिले असेल, तर ते स्पष्टीकरण नव्हे, उत्तराचीच पुनरुक्ती आहे. चांगल्या पेढीत कारण सापडेल : युरेनियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, त्यामुळे 'प्रत्येक' या शब्दामुळे विधान खोटे ठरते. हे कारण समजलेले मूल पुढच्या वेळी 'प्रत्येक', 'सर्व', 'केवळ' असे शब्द दिसले की थांबून वाचते. फक्त उत्तर पाठ केलेले मूल तिथे पुन्हा फसते.

पुढची पायरी म्हणजे पेढीतल्या इतर प्रश्नांची स्पष्टीकरणे. इथे नमुना निवडताना आपल्या पसंतीला वाव देऊ नये. एक धडा घ्यावा आणि त्यातला प्रत्येक पाचवा किंवा दहावा प्रश्न उचलावा, असे वीस प्रश्न होऊ द्यावेत. पहिलेच वीस घेतले तर फसगत होते, कारण पहिली पाने सहसा नीट तपासलेली असतात. मुलाने प्रश्न आधी स्वतः सोडवावेत, मगच स्पष्टीकरण उघडावे.

स्पष्टीकरण कसे जोखावे, हे एका उदाहरणाने पाहू. श्वसनाच्या धड्यात प्रश्न येतो : फुप्फुसांतील वायुकोशांत ऑक्सिजन हिमोग्लोबिनशी जोडला जाण्यास कोणती स्थिती अनुकूल असते? एक पेढी लिहिते, 'उत्तर ब. वायुकोशांत ऑक्सिहिमोग्लोबिन तयार होते.' हे वाक्य खरे आहे, पण त्यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. दुसरी पेढी सांगते : वायुकोशांत ऑक्सिजनचा आंशिक दाब 104 मिमी पारा, म्हणजे जास्त असतो, कार्बन डायऑक्साइडचा 40, म्हणजे कमी असतो. हायड्रोजन आयन आणि तापमानही तुलनेने कमी असते, म्हणून ऑक्सिजन जोडला जातो. ऊतींमध्ये ऑक्सिजनचा दाब 40 वर उतरतो, कार्बन डायऑक्साइडचा 45 होतो, म्हणून तिथे ऑक्सिजन सुटतो. पर्याय अ आणि ड मध्ये ऊतींची स्थिती दिली आहे. पर्याय क मध्ये तापमान उलटे लिहिले आहे.

या दुसऱ्या स्पष्टीकरणात तीन गोष्टी आहेत. बरोबर पर्याय का बरोबर, उरलेले तीन का चूक, आणि हे एनसीईआरटीच्या कोणत्या भागातून आले ते शोधता येते. पण खरी कसोटी वाचून होत नाही, करून होते. स्पष्टीकरण वाचल्यावर पुस्तक मिटावे आणि घरातल्या कुणी प्रश्न उलटा करून विचारावा : 'मग स्नायूंत ऑक्सिजन का सुटतो?' मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर स्पष्टीकरणाने काम केले. वीसपैकी पंधरा-सोळा वेळा असे जमत असेल, तर पेढी चांगली समजावी. हा प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. स्पष्टीकरण समोर धरून अम्मीही विचारू शकते.

वीस स्पष्टीकरणांत एखादे सपशेल चुकीचे निघाले, तर आणखी वीस तपासावीत. तिथेही चूक सापडली, तर ती पेढी बाजूला ठेवलेली बरी. चाळीसात दोन म्हणजे शंभरात पाच. पाच हजार प्रश्नांच्या पेढीत याच हिशेबाने अडीचशे चुका असू शकतात, आणि त्या कुठे आहेत हे मुलाला कळणार नसते.

आता काठिण्याकडे वळू. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात : जीवशास्त्राचे 90, रसायन आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी 45. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. मूल जीवशास्त्र 50 मिनिटांत आणि रसायन तासाभरात उरकत असेल, उत्तरपत्रिका भरायला दहा मिनिटे ठेवत असेल, तर भौतिकशास्त्राला 60 मिनिटे उरतात. म्हणजे एका प्रश्नाला साधारण 80 सेकंद. गणकयंत्र वापरता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

हे 80 सेकंद घेऊन प्रक्षेप्य गतीचा धडा पाहू. परीक्षेच्या धाटणीचा प्रश्न असा असतो : चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने, जमिनीशी 30 अंशांचा कोन करून फेकला, तर तो किती उंच जाईल? गुरुत्व त्वरण 10 धरा. वेगाचा उभा घटक 10, त्याचा वर्ग 100, भागिले 20, उत्तर 5 मीटर. कल्पना स्पष्ट असेल तर मिनिटभरात होतो. काही पेढ्यांत याच धड्याखाली उतरणीवरून उतरणीवरच फेकलेल्या चेंडूचा प्रश्न असतो. त्याला अक्ष फिरवावे लागतात, पाच-सहा पायऱ्या होतात, आणि तो एनसीईआरटीच्या या धड्यात शिकवलेलाच नाही. तो अभियांत्रिकीच्या जेईई परीक्षेच्या वळणाचा आहे. आणखी एक खोटे काठिण्य असते : प्रश्न सोपाच, पण 30 अंशांऐवजी 37.3 अंश आणि 10 ऐवजी 9.8 घालून आकडेमोड किचकट केलेली. त्याने मूल थकते, पण भौतिकशास्त्र शिकत नाही.

हे घरी मोजायची रीत सोपी आहे. एका धड्यावरचे गेल्या चार-पाच वर्षांतले खरे प्रश्न एकत्र करावेत. मुलाने ते घड्याळ लावून सोडवावेत. मग त्याच धड्यावरचे पेढीतले वीस प्रश्न तसेच सोडवावेत. प्रत्येक प्रश्नापुढे लागलेले सेकंद आणि बरोबर की चूक एवढेच लिहावे. समजा, खऱ्या दहा प्रश्नांत सात बरोबर आले आणि सरासरी 75 सेकंद लागले. पेढीच्या वीसपैकी सहा बरोबर आले आणि सरासरी तीन मिनिटे लागली, तर ती पेढी परीक्षेपेक्षा वरच्या दर्जाची नाही, वेगळ्याच परीक्षेची आहे. उलट, पेढीतले एकोणीस बरोबर आणि सरासरी 25 सेकंद, पण खऱ्या दहांत पाचच बरोबर, तर ती खोटा धीर देते. ही दुसरी जास्त धोक्याची, कारण घरात सगळे खुश असतात आणि निकालाच्या दिवशीच कळते. प्रश्नांवर 'सोपा', 'मध्यम', 'कठीण' अशी चिठ्ठी असेल, तर तीही याच वहीवर तपासावी. कठीण म्हटलेले प्रश्न सोप्यांइतक्याच वेळात सुटत असतील, तर चिठ्ठ्या अंदाजे लावल्या आहेत.

मोजपट्टी एकाच वर्षाची धरू नये. 2025 चे भौतिकशास्त्र आधीच्या वर्षांपेक्षा बरेच अवघड गेले. 2022 ते 2024 मध्ये 200 पैकी 180 प्रश्न सोडवायचे होते आणि वेळ 200 मिनिटे होता, म्हणून त्या पत्रिका सोडवताना वेळेचा हिशेब वेगळा लावावा. अभ्यासक्रमही 2024 पासून कमी झाला आहे. 'पचन आणि शोषण' किंवा 'वनस्पतींतील वहन' हे पूर्ण धडे पेढीत अजून असतील, तर मुखपृष्ठावर नवे वर्ष छापले असले तरी आतला माल जुना आहे.

मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या घरांसाठी एक बाब आणखी. नीटची प्रश्नपत्रिका या दोन्ही भाषांत मिळते, पण अनुवादात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. म्हणून पेढीतले शब्द खऱ्या मराठी किंवा उर्दू प्रश्नपत्रिकेतल्या शब्दांशी जुळतात का, हे त्याच वीस प्रश्नांत पाहून घ्यावे. पेढीत एक संज्ञा आणि परीक्षेत दुसरी असेल, तर येत असलेला प्रश्नही सुटून जातो.

ही सगळी पारख एका विषयाला दोन संध्याकाळी घेते. पुस्तक विकत घेण्याआधी शेजारच्या मुलाकडून किंवा वाचनालयातून एक धडा मागून आणावा, ॲप असेल तर मोफत मिळणाऱ्या धड्यावर करावी. वही जपून ठेवावी. धाकट्याची पाळी येईल तेव्हा पेढी बदललेली असेल, पण मोजायची रीत हीच राहील.